तूरडाळीच्या डब्यातील ताळेबंद

व्यवस्थापक समितीच्या ज्या बैठकीत मी आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचा खजिनदार म्हणून एकमताने निवडला गेलो, त्या बैठकीला मी हजर नव्हतो, आणि त्या पदासाठी माझी तेवढीच एक पात्रता होती, असे आमचे सचिव आजही मोठ्या प्रेमाने सांगतात. डोंबिवलीतल्या एका शाळेत चौतीस वर्षे संस्कृत शिकवून मी निवृत्त झालो. त्या अवधीत हिशेबाशी माझा संबंध हजेरीपटाच्या बेरजेपुरता आला आणि ती बेरीजही हेडमास्तरांच्या कारकुनाने नेहमी दुरुस्त करून घेतली. परंतु चोवीस बिऱ्हाडांच्या इमारतीत ज्याला दुपारी झोप येत नाही आणि ज्याच्या सहीचे वळण सुवाच्य आहे, अशा गृहस्थाला चेकबुकापासून फार काळ दूर ठेवता येत नाही.

पहिले दोन सहामाही काळ सुखात गेले. सचिव सांगत तेथे मी सही करीत असे. संकट आले ते सप्टेंबरात. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपूर्वी, संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा भरली पाहिजे असा कायदा आहे, आणि त्या सभेपुढे लेखापरीक्षकाने तपासलेले हिशेब ठेवावे लागतात. आजवर हे हिशेब 'ठेवले' जात, म्हणजे टेबलावर पाण्याच्या तांब्याखाली ठेवले जात. त्या वर्षी मात्र सचिवांना लोकशाहीचा झटका आला.

"मास्तर, या वेळी तुम्ही भाषण करा," ते म्हणाले. "सोप्या भाषेत. लोकांना हिशेब कळत नाहीत, म्हणून ते चिडतात."

"आणि कळले तर?"

"तर निदान कशावर चिडलोय ते तरी त्यांना कळेल."

त्या रात्री जेवण आटोपल्यावर मी लेखापरीक्षकांनी पाठवलेला कागद दिव्याखाली पसरला. ज्याला 'एन नमुना' म्हणतात असा तो विस्तीर्ण कागद असतो. डावीकडे भांडवल आणि देणी, उजवीकडे मालमत्ता आणि येणी, आणि दोन्ही बाजूंना गेल्या वर्षीचे आकडे अशा कोपऱ्यात दबा धरून बसलेले, की नवशिक्या माणसाने अर्धा तास मागच्याच वर्षाचा अभ्यास करावा. मी केला. मग चष्मा पुसून चालू वर्षाकडे वळलो, आणि जे पाहिले त्याने माझी झोप उडाली. आमची संस्था सोळा लाखांनी बुडालेली होती! डावीकडे, देण्यांच्या बाजूला, स्वच्छ छापले होते: सिंकिंग फंड ८,४०,०००, दुरुस्ती निधी ६,१०,०००, राखीव व इतर निधी १,५०,०००. मी बेरीज तीन वेळा केली आणि माझ्या लौकिकाला न शोभेल अशा रीतीने ती तिन्ही वेळा सारखी आली. उजवीकडे मालमत्तेत मात्र मुदत ठेव अवघी अकरा लाख. आणि त्याच बाजूला, जणू ती दागिन्यांची पेटी असावी अशा थाटात, 'चालू वर्षाची तूट ६०,०००' विराजमान झालेली. जमवलेला निधी देण्यांत आणि झालेला तोटा मालमत्तेत! एवढे वैपरीत्य मी विरोधाभास अलंकाराच्या उदाहरणांतही कधी पाहिले नव्हते.

सकाळी सातला मी लेखापरीक्षकांना फोन केला. ते तरुण आहेत आणि सौजन्याने बोलतात.

"साहेब, कागद उलटा छापला गेलाय."

"नाही सर, तो तसाच असतो."

"अहो, पण तोटा मालमत्तेच्या बाजूला?"

"तसाच असतो सर. दोन्ही बाजू जुळायला हव्यात ना! सोळा लाख पन्नास हजार, दोन्हीकडे."

दोन्ही बाजू जुळतात याचा त्या तरुणाला जो निर्मळ आनंद झाला होता, तो मोडणे माझ्याच्याने झाले नाही. मी फोन ठेवला आणि भाषण लिहायला बसलो.

पहिला मसुदा सोळा पानांचा झाला. त्याचा आरंभ कौटिल्यापासून होत होता आणि आमच्या इमारतीपर्यंत तो अकराव्या पानावर पोहोचत होता. रोजकीर्द म्हणजे काय, खतावणी म्हणजे काय, तेरीज कशी मांडतात, हे सारे मी अशा प्रसन्न शैलीत विशद केले होते की वाचता वाचता मला स्वतःचाच हेवा वाटला. मी तो सौभाग्यवतीला वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती. चौथ्या पानावर तिने विचारले, "हे सगळं ऐकून घ्यायला लोकांना काही देणार आहात का?" मी म्हटले, समोसे आहेत. "मग समोसे आधी देऊ नका," ती म्हणाली.

दुसरा मसुदा चार पानांचा आणि अगदी सुबोध होता. त्यात 'निधी हे संस्थेचे सभासदांप्रती असलेले दायित्व होय' असे एक वाक्य होते आणि ते मला फार आवडले होते. सौभाग्यवतीने हातातली गवार खाली ठेवली.

"म्हणजे संस्थेला कर्ज झालंय?"

"कर्ज नव्हे गं. दायित्व."

"कुणाला द्यायचेत पैसे?"

"सभासदांना. म्हणजे हातात द्यायचे नाहीत. त्यांच्यासाठी ठेवायचे."

"मग ठेवलेत का?"

या प्रश्नाला माझ्या चार पानांत उत्तर नव्हते. ती काही न बोलता उठली आणि फडताळातून तीन डबे काढून तिने माझ्यापुढे मांडले. तूरडाळीचा, तांदळाचा आणि रव्याचा. हे डबे मी चाळीस वर्षे पाहतो आहे. त्यांच्या पोटात धान्याखेरीज अन्य व्यवहार चालतात याची मला अंधुक कल्पना होती, पण गृहशांतीच्या दृष्टीने मी कधी खोलात गेलो नव्हतो. प्रत्येक डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला होता. तूरडाळीच्या झाकणावर 'घराचा रंग – २०,०००', तांदळाच्या 'औषधपाणी – ८,०००', रव्याच्या 'लग्नकार्यांचे आहेर – ५,०००'.

"हे काय लिहिलंय?" तिने शाळेत मी विचारीत असे त्याच सुरात विचारले.

"किती पैसे आहेत ते."

"नाही. किती असायला हवेत ते. किती आहेत ते डब्यात हात घातल्यावर कळतं."

मी तूरडाळीत हात घातला. डाळीखालच्या प्लास्टिकच्या पिशवीत साडेएकोणीस हजार निघाले आणि त्यांच्यासोबत एक चिठ्ठी. चिठ्ठीवर सुवाच्य वळणात लिहिले होते: 'रु. ५०० घेतले. पहिल्या तारखेला देतो.' अक्षर माझे होते. तारीख दोन वर्षांपूर्वीची होती.

तात्पर्य काढण्याची शिक्षकी खोड अंगात असल्यामुळे मला त्या क्षणी समग्र ताळेबंदाचा साक्षात्कार झाला, आणि लाज वाटण्याचे काम मी पुढे ढकलले. डावी बाजू म्हणजे झाकणावरचा कागद. उजवी बाजू म्हणजे डब्यातला ऐवज. झाकणावर वीस हजार आहेत म्हणून घर वीस हजारांनी कर्जबाजारी होत नाही; त्याचा अर्थ एवढाच की वीस हजार रंगासाठी बांधलेले आहेत आणि ते कुणी गिळायचे नाहीत. आणि दोन्ही बाजू नेहमीच जुळतात, कारण डब्यात नोट नसेल तेथे चिठ्ठी असते, आणि हिशेबाच्या शास्त्रात चिठ्ठीलाही मालमत्ता म्हणतात. साडेएकोणीस हजारांच्या नोटा अधिक पाचशेची चिठ्ठी, बरोबर वीस हजार. ताळेबंद जुळला! ताळेबंद जुळल्यामुळे घराला रंग लागेल की नाही, हे मात्र त्यातून कळत नाही. ते कळायला डब्यात नोटा किती आणि चिठ्ठ्या किती हे पाहावे लागते.

रात्री मी संस्थेचे डबे उघडले. झाकणांवर, म्हणजे तिन्ही निधी मिळून, सोळा लाख. मुदत ठेवीत, म्हणजे नोटांत, अकरा लाख. पाच लाखांच्या जागी चिठ्ठ्या. त्या चिठ्ठ्या शोधायला मला, संस्कृतच्या माणसाला, पाऊण तास लागला, यावरून हे काम किती सोपे आहे याची कल्पना यावी. सर्वांत मोठी चिठ्ठी उजव्या बाजूलाच 'सभासदांकडून येणे' या सभ्य नावाने बसली होती: ४,२६,०००. दुसरी ती साठ हजारांची तूट. वर्षभरात जमा झाले त्यापेक्षा जास्त खर्चले, तो खर्च कुठल्या तरी डब्यातूनच झाला असणार. उरलेले चौदा हजार बचत खाते, वीज कंपनीकडची अनामत, न दिलेली बिले, भागभांडवल असल्या चिल्लर गोष्टींच्या देवघेवीत निघतात. त्यांच्यासाठी मी जागरण केले नाही. कोणी चोरी केली नव्हती. प्रत्येक व्हाउचरवर सही होती, आणि ती बहुतेक माझीच होती. थकबाकीदारांनी मेंटेनन्स दिला नाही, पण लिफ्ट चालायची थांबली नाही, पाण्याचे टँकर यायचे थांबले नाहीत, रखवालदाराने पगार मागायचे सोडले नाही. तेव्हा दर वर्षी एखादी मुदत ठेव मुदतीपूर्वीच मोडून बचत खात्यात वळवली गेली. रंगाच्या पैशांनी आम्ही टँकर मागवले होते. सिंकिंग फंड सभेच्या ठरावाशिवाय आणि इमारतीच्या मोठ्या कामाशिवाय मोडायचा नसतो हे उपविधीत लिहिलेले आहे. पण उपविधीही त्याच कपाटात होते ज्याची किल्ली हरवली आहे.

त्याहून नामी गोष्ट उत्पन्न-खर्चाच्या पत्रकात सापडली. उत्पन्न ८,७०,००० आणि खर्च ९,३०,०००, म्हणून तूट साठ हजार, इतके मला समजले. परंतु त्या उत्पन्नात 'थकबाकीवरील व्याज ६३,०००' असा एक आकडा होता. तीन गाळेधारकांकडे मिळून मुद्दल तीन लाख दोन वर्षे अडकले आहे. उपविधींप्रमाणे जास्तीत जास्त एकवीस टक्के सरळव्याज लावता येते, ते लावले. वर्षाला त्रेसष्ट हजार झाले. दोन वर्षांचे एक लाख सव्वीस हजार मुद्दलात मिळवले की ४,२६,००० होतात. हे व्याज आले नाही. येण्याची चिन्हेही नाहीत. पण आकारले गेले म्हणून ते उत्पन्न! म्हणजे ज्या गृहस्थाने मुद्दल दिले नाही तो व्याजही देणार नाही, हे सर्वांना ठाऊक असताना, त्याच्या न देण्यामुळेच आमचे उत्पन्न कागदावर दर वर्षी फुलत होते. तिघांच्या जागी दहा जणांनी थकवले असते, तर संस्था नफ्यात आली असती. तो आकडा बाजूला ठेवला, तर खरी तूट साठ नव्हे, एक लाख तेवीस हजार होती.

आता भाषणाचा तिसरा मसुदा एका पानात बसला. त्यात कौटिल्य नव्हता, दायित्व नव्हते. त्यात तूरडाळीचा डबा होता. सौभाग्यवतीने तो ऐकला आणि फक्त म्हणाली, "माझं नाव घेऊ नका, आणि चिठ्ठीचं सांगू नका." दोन्ही अटी मी मान्य केल्या. माझ्या वाङ्मयीन जीवनातला तो सर्वांत यशस्वी मसुदा होता, आणि त्याच्यापासूनच पुढचा सर्व अनर्थ उद्भवला.

सभा सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी सकाळी दहाला, पार्किंगमध्ये. गणसंख्येसाठी दोनतृतीयांश सभासद किंवा वीस, यांतले जे कमी असेल ते हजर हवेत. आमच्या चोवीसांत सोळा. दहा वाजता सात जण होते, त्यांत एक रखवालदार. सभा गणसंख्येअभावी अर्धा तास तहकूब झाली. तहकूब सभेला गणसंख्येचे बंधन नसते, हे गुपित प्रत्येक सभासदाला जन्मतःच ठाऊक असावे, कारण कोणीही साडेदहाच्या आत येत नाही. साडेदहाला चौदा जण झाले. हिशेबाच्या प्रती चौदा दिवस आधी घरोघर वाटल्या होत्या. त्या आणाव्यात असे नोटिशीत ठळक छापले होते. दोघांनी आणल्या. एकीच्या पाठीवर वाण्याची यादी होती आणि दुसरीवर एका बालकाने हत्ती काढला होता. तो हत्ती सुरेख होता हे कबूल केले पाहिजे.

विषय क्रमांक तीनला मी उभा राहिलो. डबे सांगितले. झाकण आणि ऐवज सांगितला. सभेत अशी शांतता पसरली, जशी माझ्या वर्गात चौतीस वर्षांत फक्त एकदा, साप निघाला होता तेव्हा पसरली होती. सात नंबरच्या वहिनी तर मान डोलावू लागल्या. "आता कळलं मला," त्या म्हणाल्या, "आमच्याकडे पोह्याच्या डब्यात असतं."

इथेच मी थांबायला हवे होते.

"एक मिनिट," तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर उठले. त्यांना सारे अण्णा म्हणतात. "तूरडाळीच्या डब्यात आठ लाख चाळीस हजार. बरोबर? हा कुठला फंड?"

"सिंकिंग फंड, अण्णा."

"सिंकिंग म्हणजे बुडणारा. ज्या फंडाचं नावच बुडीत, त्यात आपण बारा वर्षं पैसे टाकतोय?"

मी नम्रपणे सांगितले की तो बुडत नाही; प्रत्येक गाळ्याच्या बांधकाम खर्चावर दर वर्षी किमान पाव टक्का, म्हणजे आमच्याकडे आठ लाखांच्या गाळ्याला दोन हजार, असे साचवून, इमारत जुनी होऊन तिचे मोठे काम निघाले की ते पैसे हाताशी असावेत म्हणून तो ठेवतात. अण्णांनी ऐकून घेतले आणि बसताना शेजाऱ्याला सांगितले, "बुडीतच."

"डबा कुणाच्या घरी आहे?" मागून कोणी तरी विचारले.

"डबा नाही हो, ती उपमा आहे."

"उपमा कुठल्या डब्यात आहे?"

"रव्याच्या," सात नंबरच्या वहिनी म्हणाल्या, आणि सभेचे गांभीर्य तेथे संपले.

मी आवाज चढवून पाच लाखांच्या चिठ्ठ्यांकडे आलो. चार लाख सव्वीस हजार काही सभासदांकडे आहेत, एवढेच मी बोललो; नावे घेतली नाहीत. परंतु ज्यांच्याकडे आहेत त्यांतले एक गृहस्थ, समितीवरील सर्व ठरावांना अनुमोदन देणारे आणि गणेशोत्सवात पहिली आरती करणारे, ताडकन उभे राहिले.

"मास्तर, डब्यात पैसे कमी आहेत हे तुम्ही कबूल करताय?"

"हो, पण ते—"

"आणि डबा कुणाच्या ताब्यात असतो? खजिनदाराच्या!"

टाळ्या पडल्या. ज्यांच्या खिशात माझ्या डब्याची डाळ होती, त्यांनीच डाळ कमी भरल्याची तक्रार केली, आणि ज्यांच्या खिशातून ती गेली होती त्यांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्यात चौथ्या मजल्यावरच्या इंजिनिअर चिरंजीवांनी, जे हिशेब खरोखर वाचून आले होते आणि म्हणून कोणालाच आवडत नव्हते, एक योग्य प्रश्न विचारला: "सर, व्याजाचे त्रेसष्ट हजार वसूल झाले नसताना उत्पन्नात का धरलेत? त्यासाठी तरतूद नको का करायला?" मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. पण तोवर समोसे आले होते. सौभाग्यवतीचा इशारा सचिवांपर्यंत पोहोचवायचा मी विसरलो होतो.

समोशांनंतरची सभा मला तुटक आठवते. एकाने विचारले की एवढ्या मोठ्या ताळेबंदात इमारत कुठेच कशी दिसत नाही. तो प्रश्न फार मार्मिक होता. बिल्डरने बारा वर्षांत जमिनीचे आणि इमारतीचे अभिहस्तांतरण करून दिलेले नाही, म्हणून ज्या इमारतीत आपण बसलो आहोत ती आपल्या हिशेबात नाही, असे मी सांगितले. त्यावर अण्णा म्हणाले, "म्हणजे डबेही दुसऱ्याच्या फडताळात!" हे वाक्य माझ्या सबंध भाषणापेक्षा चांगले होते. दुसऱ्याने लेखापरीक्षकांनी दिलेला 'ब' वर्ग मनाला लावून घेतला आणि शेजारच्या संस्थेला 'अ' मिळाला असून तिथे लिफ्टसुद्धा नाही, असे गहिवरून सांगितले. तिसऱ्याने सूचना मांडली की मेंटेनन्स अडीचशे रुपयांनी वाढवावा. ती मीच त्याच्याकडून मांडवली होती: चोवीस गाळे, बारा महिने, वर्षाला बहात्तर हजार, साठ हजारांची तूट भरून निघते आणि बारा हजार उरतात. ती तेरा विरुद्ध एक मतांनी फेटाळली गेली. ते एक मत सूचना मांडणाऱ्याचे नव्हते, माझे होते.

मग अण्णांनी खणखणीत आवाजात ठराव मांडला आणि आरती करणाऱ्या गृहस्थांनी अनुमोदन दिले. 'तूरडाळीच्या डब्यातील तूट खजिनदारांनी तीन महिन्यांच्या आत भरून काढावी व डबा समितीच्या ताब्यात द्यावा.' मी उपमेचे स्वरूप पुन्हा एकदा समजावू लागलो. उपमेय, उपमान, साधारण धर्म इथपर्यंत आलो. सचिवांनी माझा सदरा ओढला. "मास्तर, होऊ द्या. ठराव मंजूर झाला की लोक घरी जातात." ठराव एकमताने मंजूर झाला. माझेही मत त्यात मोजले गेले, कारण त्या वेळी माझा हात साधारण धर्म दाखवण्यासाठी वर होता.

सचिवांनी इतिवृत्त लिहिले. ते शब्दशः लिहितात. तो त्यांच्या सचोटीचा भाग आहे. मी त्यांना विनवले की डबा काढून टाका, 'निधी' लिहा. ते म्हणाले, सभेत जे घडले ते बदलण्याचा अधिकार पुढल्या सर्वसाधारण सभेलाच आहे. पुढल्या सभेपर्यंत तिघांपैकी एकाने, सहकार निबंधकांकडे वसुलीचा अर्ज जाणार अशी नोटीस मिळाल्यावर, पंचाऐंशी हजार भरले, व्याज माफ करण्याच्या अटीवर. ती अट मान्य करण्याचा अधिकार आम्हाला आहे की नाही यावर समितीच्या चार बैठका झाल्या आणि अद्याप चालू आहेत. मेंटेनन्स तेवढाच राहिला. आणखी एक मुदत ठेव मोडली.

यंदा ऑगस्टात लेखापरीक्षकांचा अहवाल आला. वर्ग पुन्हा 'ब'. दोष आणि सूचनांचे परिशिष्ट सोबत होते. पहिल्या दोन सूचना अपेक्षित होत्या: निधी आणि त्यांपोटीच्या गुंतवणुकीत पाच लाखांहून अधिक तफावत आहे, ती भरून काढावी, थकबाकी वसुलीस गती द्यावी. तिसरी मी सौभाग्यवतीला मोठ्याने वाचून दाखवली.

'मागील वार्षिक सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तातील ठराव क्रमांक ६ अन्वये तूरडाळीचा एक डबा समितीच्या ताब्यात घेण्याचे ठरल्याचे दिसून येते. तथापि संस्थेच्या जडसंग्रह नोंदवहीत सदर डब्याची नोंद आढळून आली नाही. तसेच त्यातील तूट भरून काढल्याबाबतचा पुरावा तपासणीस सादर केला नाही. दोषदुरुस्ती अहवालात खुलासा करावा.'

"काय खुलासा करू आता?" मी विचारले. "लिहितो, की सदर डबा संस्थेचा नसून खजिनदाराच्या कुटुंबाच्या खाजगी मालकीचा आहे, आणि त्यात काहीही तूट नाही."

सौभाग्यवतीने फडताळ उघडले, तूरडाळीचा डबा खाली घेतला, झाकण काढले आणि ती चिठ्ठी माझ्यापुढे टेबलावर ठेवली.

"तीन वर्षं झाली," ती म्हणाली. "आठशे पंधरा होतात. एकवीस टक्क्यांनी, सरळव्याज."